मोबाइलवर टायटल कापलं जातं म्हणून क्लिक कमी येतायत का? छोटं करण्याआधी हे तपासून बघा

श्रावण लागला की हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच. पान तेच आहे, गुगलवर जागाही साधारण तीच आहे, इंप्रेशन भरपूर वाढलेत, पण मोबाइलवरचा सीटीआर पडलाय. मग कुणीतरी सांगतं की तुझं टायटल लांब आहे, फोनवर कापलं जातं, लोकांना पूर्ण वाचता येत नाही म्हणून क्लिक करत नाहीत, छोटं कर आणि कीवर्ड पुढे घे. माणूस एका बसणीत सगळ्या पानांची टायटलं बदलून टाकतो, दोन आठवड्यांत चतुर्थी येते, क्लिक वाढतात, आणि "बघ, टायटल छोटं केल्याचा परिणाम" असं ठरूनही जातं. पुढच्या श्रावणात परत तेच रडगाणं, परत तीच टायटलं बदलायची.

हे दरवर्षी परत येतं कारण यात चार वेगवेगळ्या गोष्टी एकत्र मिसळलेल्या असतात. टायटल खरंच कापलं जाणं, मुख्य शब्द मागे राहिलेला असणं, गुगलने स्वतःच टायटल बदलून दाखवणं, आणि सीझनमुळे वेगळ्याच सर्चमध्ये पान दिसायला लागणं. चारही गोष्टींत आकडा एकच पडतो, सीटीआर, पण प्रत्येकावर उपाय वेगळा आहे, आणि "छोटं कर" हा त्यातल्या जेमतेम एकावर लागू पडतो.

उदाहरण आमच्याच घरचं घेतो. माझ्या वहिनी फोंड्याला असतात, गोव्याच्या घरगुती पदार्थांची मराठी साइट त्या चालवतात, पातोळ्या, खतखतं, मणगणं, तवसळी, मुगागाठी असं सगळं. लिहितात त्या, साइटचं तांत्रिक मी बघतो. पातोळ्यांच्या पानाचं टायटल त्यांनी ठेवलं होतं ते असं:

चतुर्थीच्या दिवसांत घराघरांत दरवळणारा हळदीच्या पानांचा सुगंध आणि आमच्या आईच्या हातच्या अस्सल गोमंतकीय पातोळ्या

वाचायला सुंदर आहे, मला ते आवडतं, पण फोनवर "हळदीच्या पानांचा"च्या आसपास तीन टिंबं येतात आणि पातोळ्या हा शब्द दिसतच नाही. वहिनी म्हणाल्या, "अरे, मग सरळ 'पातोळ्या रेसिपी' एवढंच ठेव ना, काम संपलं." ते करता आलं असतं, पण मग क्लिक वाढले असते तर ते छोटं केल्यामुळे की पातोळ्या पुढे आल्यामुळे हे कधीच कळलं नसतं. आणि साइटवर अशी लांब टायटलं असलेली बरीच पानं आहेत, सगळीच कापायची का हा खरा प्रश्न होता.

खरंच कापलं जातंय का

पहिली गोष्ट म्हणजे फोनची स्क्रीन अरुंद म्हणून तिथे टायटल जास्त कापलं जातं, ही समजूत गुगल सर्चसाठी तरी तितकीशी बरोबर नाही. डेस्कटॉपवर टायटल सहसा एका ओळीत असतं आणि साधारण 600 पिक्सेलच्या आसपास कापलं जातं. मोबाइलवर ते सहसा दोन ओळींत दाखवतात, त्यामुळे दोन्ही ओळी मिळून डेस्कटॉपइतकं किंवा थोडं जास्तच मावतं. म्हणजे वरच्यासारखं लांबलचक टायटल दोन्हीकडे कापलं जातं, नुसतं फोनवर नाही. हे डोक्यात पक्कं ठेवा, कारण पुढे मोबाइल आणि डेस्कटॉप शेजारी ठेवून बघताना हाच मुद्दा उपयोगी पडणार आहे.

फोनवर एक वेगळी अडचण मात्र असते. ओळ शब्दावर तुटते, शब्दाच्या मधे नाही. मराठीत "घराघरांत दरवळणारा" असे लांब शब्द एकामागोमाग आले की एक शब्द ओळीत मावला नाही म्हणून पूर्णच्या पूर्ण खाली जातो आणि पहिल्या ओळीच्या शेवटी जागा रिकामी राहते. ज्यांनी फोनवर अक्षरं मोठी करून ठेवलीत, आणि आपल्याकडे रेसिपी शोधणाऱ्यांत अशा काकू-मावश्या पुष्कळ आहेत, त्यांच्या ओळीत आणखी कमी मावतं. त्यामुळे तपासायचं ते घरातल्या एखाद्या साध्या फोनवर, शक्यतो मोठी अक्षरं ठेवलेल्या फोनवर, इनकॉग्निटोमध्ये, आणि लोक टाइप करतात तोच शब्द टाइप करून.

"टायटल 60 अक्षरांच्या आत ठेवा" हा नियम विसरा. तो इंग्रजीसाठी कामचलाऊ म्हणून सांगितला जातो, गुगलने टायटलला अक्षरांची अशी कुठलीच मर्यादा घातलेली नाही, जागा मावेल तेवढं दाखवतात एवढंच. आणि मराठीत अक्षरं मोजणारी टूल्स तर भलतंच सांगतात, कारण काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळं ती वेगवेगळं मोजतात. "पातोळ्या" हा शब्द त्यांच्या हिशेबात 8 अक्षरांचा आहे, डोळ्यांना मात्र तीनच दिसतात, पा, तो, ळ्या. म्हणून मोजायचीच असेल तर रुंदी मोजा. कॉम्प्युटरवर क्रोम उघडून एफ-12 दाबा, कन्सोलमध्ये हे टाका:

```
const c = document.createElement('canvas').getContext('2d');
c.font = '20px Arial, "Noto Sans Devanagari"';
c.measureText('इथे तुमचं टायटल').width
```

येणारा आकडा पिक्सेलमध्ये असतो. तो अगदी तंतोतंत नसतो, फॉन्टप्रमाणे बदलतो, पण कुठलं टायटल 600 च्या खूप वर जातंय आणि कुठलं जेमतेम आत आहे एवढं नीट कळतं. टायटलचे तुकडे करून मोजलं की कुठल्या शब्दापाशी कात्री लागणार हेही कळतं.

तुम्ही लिहिलंय तेच दिसतंय का

ही पायरी लोक सर्रास सोडून देतात. गुगल तुमचं `<title>` आहे तसं दाखवेलच असं नाही. 2021 च्या ऑगस्टमध्ये त्यांनी ही पद्धत बदलली तेव्हा बराच आरडाओरडा झाला होता, नंतर त्यांनीच सांगितलं की साधारण 87 टक्के वेळा टायटल टॅगमधलाच मजकूर वापरला जातो. उरलेल्या वेळी पानावरचं मोठं हेडिंग, दुसऱ्या पानांवरून आलेल्या लिंकचा मजकूर वगैरे घेऊन ते स्वतः टायटल बनवतात. खूप लांब टायटल हे त्यामागचं एक कारण आहेच.

दुसरं एक कारण मराठी साइटवाल्यांना हमखास नडतं. पान देवनागरीत आणि टायटल मात्र रोमनमध्ये, "Patolya Recipe in Marathi" असं. लोक रोमनमध्ये शोधतात म्हणून असं ठेवतात, समजू शकतो मी. पण टायटलची भाषा किंवा लिपी पानाच्या मजकुराशी जुळत नसेल तर गुगल दुसरं टायटल निवडू शकतं हे त्यांच्या मार्गदर्शक पानांत लिहिलेलंच आहे. मग तुम्ही टायटल कितीही बदला, लोकांना दिसतंय हेडिंग, आणि तुम्ही परीक्षा घेताय भलत्याचीच.

म्हणून टेस्ट सुरू करण्याआधी प्रत्येक पानासाठी मुख्य दोन-तीन सर्च फोनवर करून स्क्रीनशॉट काढून ठेवा. एकाच पानाचं टायटल वेगवेगळ्या सर्चला वेगवेगळं दिसू शकतं, त्यामुळे एका सर्चवर भागत नाही. सर्च कन्सोलमधल्या यूआरएल तपासणीवर याबाबतीत विसंबू नका, तिथे गुगलने वाचलेलं एचटीएमएल दिसतं, रिझल्टमध्ये दाखवलेलं टायटल नाही.

आणि एक, वर्डप्रेसमधलं एसइओ प्लगइन बहुतेक वेळा टायटलच्या शेवटी आपोआप साइटचं नाव चिकटवतं. 2022 च्या ऑक्टोबरपासून मोबाइल रिझल्टमध्ये साइटचं नाव वर वेगळं दिसतं, त्यामुळे टायटलमध्ये ते परत घालून जागा खायची गरज उरलेली नाही. पण ते काढायचं असेल तर टेस्टच्या खूप आधी काढा, टेस्टच्या मधे नको.

सीटीआर पडला म्हणजे टायटल वाईट, असं नसतं

आता मूळ तक्रारीकडे येऊ. इंप्रेशन वाढले आणि सीटीआर पडला. समजा एरवी तुमचं पान "पातोळ्या रेसिपी" या सर्चला 1000 वेळा दिसतं आणि 80 क्लिक मिळतात, म्हणजे 8 टक्के. नागपंचमी ते चतुर्थीच्या दिवसांत तोच सर्च दुप्पट झाला, 2000 वेळा दिसलं, 160 क्लिक, म्हणजे अजूनही 8 टक्केच. पण त्याच दिवसांत "चतुर्थी नैवेद्य" अशा सैल सर्चलाही तुमचं पान कुठेतरी खाली दिसायला लागलं, 3000 वेळा दिसलं आणि 30 क्लिक मिळाले. पूर्ण पानाचा हिशेब काय झाला, 5000 इंप्रेशन, 190 क्लिक, 3.8 टक्के. सीटीआर निम्म्याहून खाली आला, आणि टायटलचा यात काडीचाही दोष नाही, ज्यांना पातोळ्या हव्या होत्या ते पहिल्याइतकेच क्लिक करतायत.

म्हणून पानाचा एकूण सीटीआर बघायचाच नाही. सर्च कन्सोलच्या परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये पान निवडा, डिव्हाइस मोबाइल करा, आणि क्वेरीच्या फिल्टरमध्ये कस्टम रेजेक्स घेऊन फक्त त्या पदार्थाचे सर्च ठेवा. गोव्यात हाच पदार्थ लोक मराठीत, कोंकणीत, रोमनमध्ये अशा चार तऱ्हांनी शोधतात, त्यामुळे सगळी स्पेलिंगं पकडणारं काहीतरी लागतं:

```
पातोळ|patol
```

एवढ्यात पातोळ्या, पातोळ्यो, patoleo, patolya सगळं येतं. क्वेरीचा फिल्टर लावला की क्लिकची बेरीज पानाच्या एकूण बेरजेपेक्षा कमी दिसेल, घाबरू नका, फार थोड्या लोकांनी केलेले सर्च गुगल प्रायव्हसीसाठी लपवतं आणि फिल्टर लावल्यावर ते हिशेबातून गळतात. सगळ्या पानांना एकाच पद्धतीने फिल्टर लावला की तुलना चालते.

सरासरी पोझिशनही शेजारी चालू ठेवा. फोनवर चौथ्या नंबरवरून सातव्यावर गेलात तर सीटीआर पडणारच, टायटल कितीही चांगलं असो. त्यात साध्या रिझल्टचं इंप्रेशन मोजलं जातं ते रिझल्टचं पान उघडलं की, माणूस खाली स्क्रोल करून तुमच्यापर्यंत पोचला की नाही हे बघितलं जात नाही. रेसिपीच्या सर्चला फोनवर वरती फोटोवाल्या रेसिपी, व्हिडिओ असं काय काय येतं, तुमचं टायटल पहिल्या स्क्रीनवर नसतंच, तरी इंप्रेशन पडलेलं असतं. तिथे जे टायटल कुणी पाहिलंच नाही ते छोटं करून काय होणार. म्हणून टेस्टसाठी पानं निवडताना फोनवर पहिल्या तीन-चारात स्थिर असलेलीच घ्या. बाकीच्यांची दुखणी वेगळी आहेत.

दोन नाही, तीन टायटलं लागतात

आता मुख्य गोष्ट. बहुतेक लोक लांब टायटल विरुद्ध छोटं कीवर्ड-आधी टायटल अशी तुलना करतात. यात दोन गोष्टी एकदम बदलल्या, लांबीही आणि शब्दाची जागाही. क्लिक वाढले तर श्रेय कुणाला द्यायचं हे कळायला मार्गच नाही. म्हणून मधलं एक टायटल घालावं लागतं. पातोळ्यांच्या पानाचं तीन तऱ्हेचं टायटल असं होतं.

पहिलं म्हणजे वहिनींचं मूळचं, लांब, आणि पातोळ्या शब्द शेवटी.

दुसरं, लांबच, पण शब्द पुढे: "पातोळ्या रेसिपी: चतुर्थीच्या दिवसांत घराघरांत दरवळणारा हळदीच्या पानांचा सुगंध आणि आमच्या आईच्या हातची अस्सल गोमंतकीय पद्धत". हेही फोनवर कापलं जातंच, पण कापलं जातं ते शेपूट.

तिसरं, छोटं: "पातोळ्या रेसिपी, हळदीच्या पानातल्या, गोव्याची पद्धत". हे पूर्ण दिसतं, तीन टिंबं येतच नाहीत.

पहिल्यावरून दुसऱ्यावर गेल्यावर क्लिक वाढले तर शब्दाची जागा महत्त्वाची. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर गेल्यावर वाढले तर कापलं जाणं खरंच नडत होतं. एवढा साधा हिशेब आहे, पण मधलं टायटल नसेल तर तो मांडताच येत नाही.

हेडिंगचं मात्र बघा. `<h1>` मध्ये जुनं लांब वाक्य तसंच राहिलं आणि टायटल छोटं केलं तर गुगल कधीकधी हेडिंगच उचलून दाखवतं. आम्ही सगळ्या पानांची हेडिंगं टेस्टच्या आधीच साधी करून घेतली, पदार्थाचं नाव आणि एक-दोन शब्द, आणि वहिनींचं ते सुगंधाचं वाक्य पानावरच्या पहिल्या परिच्छेदात गेलं, तिथे ते जास्त शोभतंही. त्यानंतर टेस्ट संपेपर्यंत फोटो, तारीख, मेटा डिस्क्रिप्शन कशालाही हात लावायचा नाही.

आधी आणि नंतर अशी तुलना सीझनमध्ये चालत नाही

टायटल बदलण्याआधीचे दोन आठवडे आणि नंतरचे दोन आठवडे अशी तुलना साध्या दिवसांत कदाचित चालेल, श्रावण-भाद्रपदात अजिबात नाही. नागपंचमीच्या आदल्या रात्री पातोळ्या शोधणारी बाई आणि जूनमध्ये सहज शोधणारी बाई एकसारखं क्लिक करत नाहीत. गेल्या वर्षीच्या त्याच तारखांशी तुलना करावी तर तिथेही घोळ, सर्च कन्सोल इंग्रजी तारखा जुळवतं आणि आपले सण तिथीने येतात. चतुर्थी 2024 ला 7 सप्टेंबरला होती, 2025 ला 27 ऑगस्टला, 2026 ला 14 सप्टेंबरला. वर्षाशी वर्ष लावलं की चतुर्थीचा आठवडा रिकाम्या आठवड्याशी जुळतो आणि आकडे काहीही बोलायला लागतात.

यावर उपाय म्हणजे जोडीची पानं. एकाच सीझनला चालणारे, साधारण सारखे इंप्रेशन असलेले दोन पदार्थ घ्यायचे, दोघांची टायटलं आधी एकाच तऱ्हेची असली पाहिजेत. आम्ही पातोळ्यांसोबत मणगणं ठेवलं आणि खतखत्यासोबत तवसळी. जोडीतल्या एकाचं टायटल बदलायचं, दुसऱ्याला शिवायचं नाही. चतुर्थीमुळे जे वाढायचं ते दोघांचंही वाढेल, बदललेल्या पानाचं त्याहून जेवढं जास्त वाढलं तेवढंच टायटलचं. एका जोडीवर विसंबू नका, कारण मधेच कुणाचा तरी मणगण्याचा व्हिडिओ व्हायरल झाला तर ती जोडी बाद. जमतील तितक्या जोड्या घ्या, आणि कुठलं पान बदलायचं ते चिठ्ठी टाकून ठरवा, नाहीतर हात आपोआप आपल्या लाडक्या पानाकडे जातो.

टायटल बदललं की सर्च कन्सोलमधून त्या पानाची इंडेक्सिंगची विनंती टाका, पण त्या दिवसापासून मोजायला सुरुवात करू नका. फोनवर नवीन टायटल प्रत्यक्ष दिसायला लागलं की त्या दिवसापासून. मधले दिवस दोन्ही बाजूंच्या हिशेबातून काढून टाका. आणि सर्च कन्सोलची तारीख अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेने चालते हे लक्षात घ्या, आपल्या उन्हाळ्या-पावसाळ्यात तिथला दिवस आपल्याकडे दुपारी साडेबाराला बदलतो. म्हणजे चतुर्थीच्या सकाळी नैवेद्याच्या घाईत झालेले सगळे सर्च रिपोर्टमध्ये आदल्या तारखेला दिसतात. एकेका दिवसाचा आलेख बघून निष्कर्ष काढणारे इथे हमखास फसतात. त्यात शेवटच्या दोन-तीन दिवसांचे आकडे अजून पक्के झालेले नसतात, तेही सोडून द्या.

फरक खरा की योगायोग

समजा दोन टायटलांना प्रत्येकी 2000 इंप्रेशन मिळाले, एकाला 80 क्लिक, दुसऱ्याला 100. 4 टक्के आणि 5 टक्के, ऐकायला चांगला पाव हिस्सा वाढला. पण हा फरक नुसत्या योगायोगानेही येऊ शकतो. कॅल्क्युलेटरवर जमेल अशी एक मोटामोटी कसोटी आहे, दोन्हीकडचे इंप्रेशन सारखे असतील तरच वापरायची. दोन्हीचे क्लिक मिळवा, त्याचं वर्गमूळ काढा, दुप्पट करा. क्लिकमधला फरक त्याहून मोठा असेल तरच फरक खरा धरायचा. इथे क्लिक मिळून 180, वर्गमूळ साधारण 13.4, दुप्पट 27. फरक फक्त 20. म्हणजे अजून काही सांगता येत नाही.

तेच 4 आणि 5 टक्के प्रत्येकी 10,000 इंप्रेशनवर आले तर 400 आणि 500 क्लिक, मिळून 900, वर्गमूळ 30, दुप्पट 60, आणि फरक 100. आता बोलू शकता. म्हणजे टक्के तेच, पण पहिल्या वेळी थांबायला हवं होतं आणि दुसऱ्या वेळी निर्णय घेता येतो. लहान साइटला एका पानावर एवढे इंप्रेशन मिळत नाहीत, म्हणून बदललेल्या सगळ्या पानांचे मिळून आणि न बदललेल्या सगळ्यांचे मिळून बघायचं. आणि मधेच दोन दिवसांनी आकडा चांगला दिसला म्हणून टेस्ट बंद करायची नाही, शेवटची तारीख सुरुवातीलाच लिहून ठेवायची.

आमच्याकडे काय दिसलं

पहिल्यावरून दुसऱ्यावर, म्हणजे लांबी तशीच ठेवून पदार्थाचं नाव पुढे आणल्यावर, बदललेल्या पानांचे क्लिक जोडीच्या पानांपेक्षा स्पष्ट वाढले, वरच्या कसोटीत बसतील एवढे. आणि महत्त्वाचं म्हणजे मोबाइल आणि डेस्कटॉप दोन्हीकडे साधारण सारख्याच प्रमाणात वाढले. फोनच्या छोट्या स्क्रीनचाच दोष असता तर सुधारणा मोबाइलवर जास्त दिसायला हवी होती. तसं झालं नाही, म्हणजे नडत होतं ते एवढंच की आपण शोधलेला शब्द माणसाला कुठेच दिसत नव्हता, स्क्रीन कुठलीही असो.

दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, म्हणजे शब्द पुढे आहेच, आता शेपूट कापून छोटं केलं, तर रेसिपीच्या पानांवर फरक कसोटीत बसलाच नाही. थोडं इकडे, थोडं तिकडे. "पातोळ्या रेसिपी: चतुर्थीच्या दिवसांत…" असं कापलेलं टायटल वाचून माणसाला जे हवं ते मिळालेलं असतं, पुढची तीन टिंबं त्याला अडवत नाहीत. त्यामुळे लांब टायटलं सरसकट कापायची गरज नाही असं माझं स्पष्ट मत झालंय, आणि वहिनींना त्यांचे थोडे शब्द टायटलमध्ये ठेवता आले याचा मला आनंदच आहे.

पण एका प्रकारच्या पानांवर छोटं टायटल खरंच जिंकलं, आणि ती पानं रेसिपीची नव्हती. साइटवर जत्रांच्या तारखांची काही पानं आहेत. तिथे टायटल होतं "फातर्प्याची जत्रा, श्री शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण देवस्थान, संपूर्ण माहिती, उत्सवाची परंपरा आणि यंदाची तारीख" आणि वर्ष अगदी शेवटी. मुख्य शब्द पहिलाच होता, म्हणजे कीवर्ड-आधी हा नियम पाळलेलाच होता, तरी क्लिक कमी. कारण जत्रेची तारीख शोधणारा माणूस जत्रेचं नाव बघून क्लिक करत नाही, नाव तर सगळ्याच रिझल्टमध्ये असतं, तो वर्ष बघतो, माहिती यंदाची आहे की जुनी ते. वर्ष कात्रीच्या पलीकडे गेलं होतं. "फातर्प्याची जत्रा तारीख" आणि लगेच वर्ष, एवढंच ठेवल्यावर फरक दोन्हीकडे दिसला. फेरीबोटीची वेळ, बसचं वेळापत्रक, निकाल, फॉर्मची शेवटची तारीख, अशा सगळ्या पानांना मी आता हाच प्रश्न विचारतो की माणूस कुठला एक शब्द बघून बोट लावतो, आणि तो शब्द फोनवर दुसऱ्या ओळीच्या शेवटाच्या आत येतो का. येत असेल तर पुढे शेपूट कितीही लांब असू दे.

तरीही जमत नसेल तर

शब्द पुढे आणला, टायटल दिसतंय तेच आहे, पोझिशन स्थिर आहे, तरी फोनवर क्लिक येत नसतील तर फोनवर तो सर्च करून स्क्रीन नीट बघा. वरती व्हिडिओ आणि फोटोवाल्या रेसिपी असतील तर मार तिथे बसतोय, टायटलवर नाही. तुमच्या पानाला रेसिपीचं स्ट्रक्चर्ड डेटा आणि चांगला फोटो आहे का ते आधी बघा. जत्रेच्या तारखेसारख्या सर्चला गुगल उत्तर वरच दाखवत असेल तर क्लिक कमीच राहणार, ते टायटलने परत येत नाहीत.

आणि पानाला महिन्याला शंभरेकच इंप्रेशन येत असतील तर टेस्टच्या भानगडीत पडू नका. त्यातून कधीच काही सिद्ध होणार नाही. माणूस ज्या शब्दावर बोट लावेल तो पुढे आणा आणि पुढच्या कामाला लागा.

ज्यांच्याकडे पुरेसे आकडे आहेत त्यांनी एक उलटी टेस्ट जरूर करावी, पुढच्या सीझनला जोडीतली पानं अदलाबदल करून. यंदा मणगणं तसंच ठेवलं असेल तर पुढच्या वेळी त्याचं टायटल बदला आणि पातोळ्यांना हात लावू नका. दोन्ही वेळा बदललेलंच पान वर गेलं तर शंका उरत नाही, आणि तसं झालं नाही तर पहिल्या वेळचा आकडा त्या पदार्थाचा होता, टायटलचा नव्हता. सर्च कन्सोल 16 महिन्यांपर्यंतचाच डेटा ठेवतं, त्यामुळे यंदाचे आकडे आत्ताच एक्सपोर्ट करून शीटमध्ये ठेवा, शेजारच्या रकान्यात टायटल फोनवर प्रत्यक्ष कधी बदललेलं दिसलं ती तारीख आणि त्याचा स्क्रीनशॉट.